थोरियमपासून शिशापर्यंत: अल्फा-बीटा मोजण्याआधीची तयारी

एका केंद्रकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना किती अल्फा आणि किती बीटा कण बाहेर पडले, हे विचारणारं किरणोत्सारी मालिकेचं गणित सोडवायला बसताना पहिली तयारी म्हणजे चार आकडे कागदावर उतरवणं: सुरुवातीच्या केंद्रकाचा अणुवस्तुमानांक A आणि अणुअंक Z, आणि शेवटच्या स्थिर केंद्रकाचेही तेच दोन. प्रश्नात बहुतेक वेळा मूलद्रव्याच्या नावापुढे फक्त A दिलेला असतो, ‘थोरियम-२३२ पासून शिसे-२०८’ असा. Z आपल्याला माहीत असणार असं गृहीत धरलेलं असतं. म्हणून आवर्तसारणीच्या या टोकाचे अणुअंक पाठच हवेत: शिसे ८२, बिस्मथ ८३, पोलोनियम ८४, रेडॉन ८६, रेडियम ८८, अ‍ॅक्टिनियम ८९, थोरियम ९०, युरेनियम ९२. मधला ८५ अ‍ॅस्टॅटिनचा, ८७ फ्रान्सियमचा आणि ९१ प्रोटॅक्टिनियमचा. हे तिघे प्रश्नात क्वचितच येतात, पण ८४ नंतर थेट रेडॉन मोजून त्याला ८५ देण्याची चूक फार होते, म्हणून त्यांची जागा रिकामी सोडायची नाही.

दुसरी तयारी म्हणजे दोन्ही कणांचा हिशेब डोक्यात पक्का असणं. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. तो बाहेर पडला की A चारने उतरतो आणि Z दोनने. बीटा कण म्हणजे केंद्रकातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना बाहेर फेकला गेलेला इलेक्ट्रॉन. इथे A जागच्या जागी राहतो आणि Z एकने चढतो. हा ‘चढतो’ शब्द अधोरेखित करून ठेवा. क्षयात काहीतरी बाहेर जातं, म्हणून सगळंच कमी होणार असं मन आपोआप धरतं आणि बीटाचं चिन्ह उलटं लागतं. गॅमाचा या हिशेबाशी संबंध नाही. तो ना A बदलतो ना Z, म्हणून ‘अल्फा, बीटा आणि गॅमा’ असं प्रश्नात लिहिलं असलं तरी गॅमांची संख्या या पद्धतीने काढता येत नाही. स्थानबदलाचे हे नियम फ्रेडरिक सॉडी आणि काझिमिर फायान्स यांनी १९१३ मध्ये मांडले.

आता क्रम. आधी A, मग Z. हा क्रम सवयीचा भाग नाही, त्याला कारण आहे: A ला फक्त अल्फा हात लावतो, तर Z ला दोघंही. Z पासून सुरुवात केली तर एका समीकरणात दोन अज्ञात घेऊन बसावं लागतं. A पासून सुरू केलं की एका भागाकारात अल्फांची संख्या हातात येते आणि Z च्या समीकरणात फक्त बीटा उरतात.

थोरियमची मालिका पूर्ण करून पाहू. २३२ मधून २०८ गेले, उरले २४. भागिले ४, म्हणजे ६ अल्फा. या सहा अल्फांनी Z किती खाली आणला? सहा दुणे बारा. ९० मधून १२ गेले, ७८. पण शिशाचा अणुअंक ८२ आहे, म्हणजे ७८ वरून ८२ वर चढण्यासाठी ४ बीटा लागले. उत्तर ६ अल्फा आणि ४ बीटा. सूत्रात मांडायचं तर:

```
nα = (A1 − A2) / 4
nβ = 2·nα − (Z1 − Z2)
```

सूत्र पाठ करण्यापेक्षा तो मधला ७८ कागदावर लिहिणं जास्त कामाचं. तो लिहिला की बीटाचं चिन्ह चुकतच नाही, कारण ७८ वरून ८२ कडे जायचंय हे डोळ्यांसमोर असतं. शिवाय तो ७८ काय सांगतो तेही पाहण्यासारखं आहे. नुसते सहा अल्फा गेले असते तर प्लॅटिनम-२०८ तयार झालं असतं, आणि निसर्गात सापडणारं सर्वांत जड प्लॅटिनम १९८ चं आहे. अल्फा दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन समसमान नेतो, पण जड केंद्रकात न्यूट्रॉन आधीच जास्त असतात, त्यामुळे प्रत्येक अल्फानंतर न्यूट्रॉनांचं प्रमाण आणखी वाढतं. थोरियम-२३२ मध्ये एका प्रोटॉनमागे सुमारे १.५८ न्यूट्रॉन असतात. त्या कल्पित प्लॅटिनममध्ये ते १.६७ झाले असते. शिसे-२०८ मध्ये ते सुमारे १.५४ आहेत. हा वाढलेला भार बीटा उतरवतात, एकेका न्यूट्रॉनचा प्रोटॉन करून. म्हणूनच या मालिकांत अल्फांच्या जोडीला बीटा येतातच.

प्रत्यक्ष वाट तपासून घेतली की उत्तरावर विश्वास बसतो, म्हणून ती एकदा हाताने लिहून काढावी. थोरियम-२३२ अल्फा टाकून रेडियम-२२८ होतं. मग लागोपाठ दोन बीटा: अ‍ॅक्टिनियम-२२८ आणि पुन्हा थोरियम, पण आता २२८. इथे एक अल्फा आणि दोन बीटा मिळून मूलद्रव्य तेच राहिलं, फक्त A चारने घटला. युरेनियम-२३८ पासून युरेनियम-२३४ विचारलं तरी उत्तर हेच, एक अल्फा आणि दोन बीटा. पुढे थोरियम-२२८ पासून सलग चार अल्फा: रेडियम-२२४, रेडॉन-२२०, पोलोनियम-२१६, शिसे-२१२. हे शिसे पाहून थांबायचं नाही. शिसे-२१२ स्थिर नाही. ते बीटा टाकून बिस्मथ-२१२ होतं.

बिस्मथ-२१२ पाशी वाट फुटते. सुमारे ६४ टक्के केंद्रकं आधी बीटा टाकून पोलोनियम-२१२ होतात आणि मग अल्फा टाकून शिसे-२०८ वर येतात. उरलेली सुमारे ३६ टक्के आधी अल्फा टाकून थॅलियम-२०८ होतात आणि मग बीटा टाकून त्याच शिशावर पोहोचतात. दोन्ही वाटांवर एक अल्फा आणि एक बीटा, फक्त क्रम उलटा. फाटा दिसला की ‘कोणती वाट धरायची’ म्हणून गोंधळ होतो, पण A आणि Z चा हिशेब फक्त दोन टोकं पाहतो. मोजून पाहा: अल्फा थोरियम-२३२, थोरियम-२२८, रेडियम-२२४, रेडॉन-२२०, पोलोनियम-२१६ यांचे पाच आणि शेवटच्या टप्प्यातला एक, बीटा रेडियम-२२८, अ‍ॅक्टिनियम-२२८ आणि शिसे-२१२ यांचे तीन आणि शेवटचा एक. सहा आणि चार.

अर्धायुष्यांचे आकडे दिले असतील तर या मोजणीपुरते बाजूला ठेवा. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं आहे आणि पोलोनियम-२१२ सेकंदाच्या दशलक्षांश भागापेक्षाही कमी टिकतं, पण दोघांचाही एकेक अल्फाच मोजायचा. हेलियम किती मोल तयार झाला असं विचारलं तर मात्र मोजलेल्या अल्फांचा थेट उपयोग होतो. २३२ ग्रॅम थोरियम पूर्णपणे शिशात बदललं तर ६ मोल हेलियम, म्हणजे २४ ग्रॅम. २०८ आणि २४ मिळून २३२, म्हणजे पडताळाही तिथेच होतो.

उत्तर लिहिण्याआधी पडताळायच्या गोष्टी फार नाहीत. अल्फांची संख्या पूर्णांक यायलाच हवी. अपूर्णांक आला तर पद्धत चुकलेली नाही, टोक चुकलंय. शिशाचे तीन समस्थानिक तीन वेगवेगळ्या मालिकांचे शेवट आहेत: युरेनियम-२३८ चा २०६, युरेनियम-२३५ चा २०७ आणि थोरियम-२३२ चा २०८. युरेनियम-२३८ ला घाईत शिसे-२०८ जोडलं तर ३० भागिले ४, साडेसात अल्फा येतात आणि चूक लगेच दिसते. ही तपासणी भागाकाराआधीच करता येते: शंभराला चारने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटचे दोन आकडेच पुरतात. ३८ ला चारने भागून बाकी २, ०६ ची बाकी २, जोडी जमली. ३२ आणि ०८ दोन्हींची बाकी शून्य. ३५ आणि ०७ दोन्हींची तीन. ही बाकी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही, कारण A उतरतो तो चारानेच.

बीटाची संख्या ऋण आली तर पुन्हा Z पाहा; बहुतेक वेळा दोन अणुअंकांपैकी एक चुकलेला असतो. प्रश्नात पॉझिट्रॉन उत्सर्जन दिलं असेल तर गोष्ट वेगळी. पॉझिट्रॉन Z एकने खाली आणतो, म्हणून समीकरणातून फक्त बीटा-वजा आणि बीटा-अधिक यांची वजाबाकी मिळते, प्रत्येकाची संख्या वेगळी काढायला आणखी एक माहिती लागते. युरेनियम-थोरियमच्या नैसर्गिक मालिकांत ही अडचण येत नाही.

न्यूट्रॉन मोजूनही पडताळता येतं. थोरियम-२३२ मध्ये १४२ न्यूट्रॉन, शिसे-२०८ मध्ये १२६, घटले १६. सहा अल्फांनी १२ नेले, चार बीटांनी ४, जुळलं. मात्र ही तपासणी गुणाकार-वजाबाकीतली चूक पकडते. Z च चुकीचा घेतला असेल तर न्यूट्रॉनही त्याच चुकीने निघतात आणि सगळं खोटं जुळून येतं.

सरावासाठी युरेनियम-२३८ ते शिसे-२०६ करा: ३२ भागिले ४, ८ अल्फा, ९२ वरून ७६, तिथून ८२, म्हणजे ६ बीटा. युरेनियम-२३५ ते शिसे-२०७ मध्ये ७ आणि ४. मधेच थांबणारे प्रश्नही याच पद्धतीचे, उदाहरणार्थ युरेनियम-२३८ ते रेडॉन-२२२: १६ भागिले ४, ४ अल्फा, ९२ वरून ८४, रेडॉनच्या ८६ पर्यंत २ बीटा.

राहिली बाकी एक असलेली मालिका, नेप्च्युनियम-२३७ ची. बहुतेक पाठ्यपुस्तकांत तिचा शेवट बिस्मथ-२०९ लिहिलेला असतो: २८ भागिले ४, ७ अल्फा; ९३ वरून ७९; ८३ पर्यंत ४ बीटा. २००३ मध्ये बिस्मथ-२०९ सुद्धा अल्फा टाकतं हे मोजलं गेलं, अर्धायुष्य सुमारे २ × १०^१९ वर्षं, आणि खरं स्थिर टोक थॅलियम-२०५ ठरलं. त्या टोकाने मोजलं तर ८ अल्फा आणि तेच ४ बीटा. प्रश्नात कोणतं टोक दिलंय ते वाचा आणि तेच धरा.