प्रक्षेप्य गतीचं अ‍ॅनिमेशन: मार्ग बरोबर, वेळ चुकीची (या चुका टाळा)

प्रक्षेप्य गतीच्या बहुतेक अ‍ॅनिमेशनमध्ये चेंडूचा मार्ग ठीक दिसतो. चूक असते ती त्या मार्गावरून चेंडू कसा जातो यात. विद्यार्थी नेमकं तेच पाहत असतात.

ही चूक पकडायला ३०° आणि ६०° ही जोडी सर्वात उपयोगी. वेग सेकंदाला २० मीटर, g = ९.८ आणि हवेचा विरोध नाही, असं धरू. दोन्ही चेंडू सुमारे ३५.३ मीटरवर पडतात. पण ३०° चा चेंडू ५.१ मीटर उंच जाऊन २.०४ सेकंदांत खाली येतो, तर ६०° चा १५.३ मीटर उंची गाठून ३.५३ सेकंद हवेत राहतो. तुमच्या पडद्यावर दोघं एकाच क्षणी टेकत असतील, तर दोन्ही कोनांना अ‍ॅनिमेशनचा सारखाच कालावधी दिला गेलाय. पल्ला सारखा म्हणजे वेळही सारखा, हा गैरसमज मग आपणच शिकवतो.

याहून लपून राहणारी चूक म्हणजे अन्वस्त काढायचा आणि चेंडूला ‘या मार्गावरून जा’ असं सांगून मोकळं व्हायचं. सॉफ्टवेअर चेंडूला मार्गाच्या लांबीवरून एकसमान चालीने नेतं. प्रत्यक्षात एकसमान असतो तो फक्त क्षितिजसमांतर वेग. तपासायला दर अर्ध्या सेकंदाला चेंडूचा एक ठसा पडद्यावर राहू द्या. ६०° ला दोन ठशांमधलं आडवं अंतर प्रत्येक वेळी ५ मीटरच आलं पाहिजे. उंचीची वाढ मात्र घटत जाते: पहिल्या अर्ध्या सेकंदात ७.४ मीटर, नंतर ५, मग २.५. आडवी अंतरं टोकांना दाटीची आणि माथ्याजवळ मोकळी दिसली, तर गती खोटी आहे. उलट काही जण माथ्यावर चेंडू क्षणभर थांबवतात. दिसायला ते छान दिसतं, पण तिथे शून्य होतो तो फक्त उभा घटक. ६०° चा चेंडू माथ्यावरही सेकंदाला १० मीटर वेगाने पुढे जात असतो.

कोड न लिहिता, की-फ्रेमवर काम करत असाल तर x आणि y वेगळे करा. x ला linear द्या. y चे दोन भाग करा: चढताना cubic-bezier(0.333, 0.667, 0.667, 1) आणि उतरताना cubic-bezier(0.333, 0, 0.667, 0.333). यातून उंची वेळेच्या वर्गानुसार बदलते. तयार मिळणारं ease-out जवळपास तसंच दिसतं, पण तंतोतंत तसं नसतं. कोड लिहीत असाल तर एवढं पुरे:

```
const a = deg * Math.PI / 180;
const x = v * Math.cos(a) * t;
const y = v * Math.sin(a) * t - 0.5 * g * t * t;
px = x0 + x * s;
py = y0 - y * s;
```

पहिली ओळ विसरली की गंमत होते. Math.sin(45) म्हणजे ४५ अंश नव्हे, ४५ रेडियन. तरी चेंडू उडतो, फक्त साधारण ५८° च्या कोनात, म्हणून शंका येत नाही. स्लायडर ३० वर नेला की चेंडू जमिनीत घुसतो आणि ६० वर तो मागच्या बाजूला खाली जातो. म्हणून चाचणी एकट्या ४५° वर कधीच करू नका.

शेवटच्या ओळीतलं वजाचं चिन्हही जपा, कारण पडद्यावर y खाली वाढतो. आणि s, म्हणजे एका मीटरला किती पिक्सेल, दोन्ही अक्षांवर एकच ठेवा. चौकट भरावी म्हणून उंची ताणली की ३०° ची फेक डोळ्यांना ४५° ची वाटते, आणि शेजारचा कोनमापक खोटा पडतो.

दर फ्रेमला वेगात थोडा बदल करून स्थान पुढे सरकवण्याची पद्धतही चालते, पण मग पल्ला फ्रेमच्या गतीवर अवलंबून राहतो. आधी स्थान आणि मग वेग बदलला, तर उड्डाणकाल बरोबर एका पायरीने वाढतो. पायरी ०.१ सेकंदाची असेल, तर ४५° चा पल्ला ४०.८ ऐवजी सुमारे ४२.२ मीटर येतो. हवेचा विरोध दाखवायचा नसेल, तर थेट सूत्रच वापरा.

‘४५° ला सर्वाधिक पल्ला’ हे वाक्य पडद्यावर असेल, तर चेंडू जिथून सुटतो आणि जिथे पडतो ती पातळी एकच हवी. चेंडू टेबलाच्या उंचीवरून फेकला आणि जमिनीवर पडू दिला, तर सर्वात लांबची फेक ४५° पेक्षा थोड्या कमी कोनाला मिळते, आणि एखादा चौकस विद्यार्थी स्लायडर फिरवून ते दाखवून देतो.

राहिला स्लायडरच. चेंडू हवेत असताना कोन बदलला तर वरचं सूत्र चालू t तसाच ठेवून नवा कोन घेतं आणि चेंडू एका मार्गावरून दुसऱ्यावर उडी मारतो. फेकीच्या क्षणी कोन वेगळ्या चलात साठवा. स्लायडर हलला तर नव्या कोनाचा मार्ग फक्त तुटक रेषेत दाखवा. तो कोन पुढच्या फेकीला लागू होऊ दे.