भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून देताय? या चुका टाळा

पुण्यात मी भाडेकरार करून देते. अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालक आणि भाडेकरू दोघांचे अंगठे घ्यायचे आणि दस्त नोंदणीला पाठवायचा, हे माझं रोजचं काम. करार झाल्यावर महिन्याभरात फोन येतो, "ताई, बँकेने करार घेतला नाही," किंवा "गॅसवाल्याने परत पाठवलं." कारणं दरवेळी तीच असतात.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे बँक आणि गॅस यांना एकाच मापाने मोजणं. घरगुती गॅस जोडणीसाठी पत्त्याच्या पुराव्यांत भाडेकरार चालतो. बँकेचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत मान्य कागदपत्रं ठरलेली आहेत: पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार आणि अशी आणखी एक-दोन. तुम्ही आणि घरमालक यांच्यातला खाजगी भाडेकरार त्यांत नाही. कराराचा उल्लेख आहे तो सरकारी खातं, बँक, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी अशांनी आपल्या नोकरदाराला राहायला दिलेल्या घरापुरता. त्यामुळे काउंटरवरचा माणूस "हा चालत नाही" म्हणाला तर तो तुम्हाला त्रास द्यायला म्हणत नसतो. त्याच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवू नका.

बँकेसाठी सरळ रस्ता आधारमधून जातो. नोंदणीकृत करार myaadhaar.uidai.gov.in वर लावून आधारचा पत्ता बदलून घ्यायचा आणि मग ते आधार बँकेत द्यायचं. तेवढा वेळ नसेल तर आधारवरून केवायसी करताना सध्याचा पत्ता वेगळा असल्याचं स्वयंघोषणापत्र देता येतं, नियमात तशी सोय आहे. फॉर्म भरतानाच ते मागून घ्या. आधारसाठी करार लावताना मात्र सगळी पानं लावा. फाइल मोठी होते म्हणून लोक पहिली दोन पानं टाकतात, आणि नोंदणीचा पुरावा असतो शेवटच्या पानांवर.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो ती. नोंदणी झालीच नाही असा कागद घेऊन फिरणं. याचे दोन प्रकार आहेत. पहिला, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि न केल्यास शिक्षाही त्यालाच आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर हे त्याला नम्रपणे सांगा.

आणि वाचतं तरी काय? भाडं १८,००० आणि परत मिळणारी अनामत ५०,००० असेल तर अकरा महिन्यांचं भाडं १,९८,००० होतं. अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने अकरा महिन्यांचं व्याज धरतात, ते साधारण ४,५८३. दोन्ही मिळून २,०२,५८३, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क पाचशेच्या थोडं वर. शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी माणसं नोटरीचा कागद करतात आणि मग वर्षभर पत्त्यासाठी हेलपाटे घालतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. अंगठे झाले की लोकांना वाटतं काम झालं. माझ्याच एका ग्राहकाने त्याच रात्री मोबाइलवर आलेला मसुदा छापला आणि सकाळी गॅस एजन्सीत जमा केला. तिसऱ्या दिवशी अर्ज परत. मसुद्यात नाव, पत्ता, भाडं सगळं बरोबर होतं, फक्त दुय्यम निबंधकांनी तो अजून तपासलाच नव्हता. नोंदणी झालेला दस्त ओळखायला सोपा असतो: त्यावर निबंधक कार्यालयाचं नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष येतं, गोषवाऱ्याच्या पानांवर दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे असतात आणि सोबत सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण म्हणतो ते इंडेक्स टू निघतं. दस्त क्रमांक दिसत नसेल तर तो कागद कुठेही देऊ नका.

आता पत्त्याच्या ओळीकडे वळू. वाकडला राहायला आलेला एक मुलगा दुसऱ्याकडून केलेला करार घेऊन माझ्याकडे आला होता. करार नोंदणीकृत होता, शिक्के बरोबर होते. पण मिळकतीच्या वर्णनात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्रफळ एवढंच होतं. करार लिहिणाऱ्याने मालकाच्या खरेदीखतातलं वर्णन जसंच्या तसं उतरवलं होतं आणि फ्लॅट नंबर, विंग, सोसायटीचं नाव, पिन कोड यांतलं काहीच आलं नव्हतं. गॅस एजन्सीने विचारलं, सिलिंडर कुठे आणायचा? प्रश्न रास्त होता. नोंदणी झालेल्या दस्तावर पेनाने काही लिहिता येत नाही. मालक तोवर नागपूरला परत गेले होते, त्यांची वेळ मिळून नवा करार होईपर्यंत पाच आठवडे गेले, आणि शुल्क व फी पुन्हा भरावी लागली. तोवर तो पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक करत होता. तो सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, हे लक्षात ठेवा.

तेव्हापासून अंगठे घेण्याआधी मी त्या घराचं लाइट बिल मागते आणि पडद्यावरच्या पत्त्याशेजारी धरून मोठ्याने वाचते. बिलावर "बी-६०४" असेल तर करारातही तसंच. सर्व्हे नंबर हवा असेल तर तो राहू दे, पण त्याआधी फ्लॅट, विंग, सोसायटी, रस्ता, पिन कोड. लोक घाई करतात, "ताई, नंतर बघू" म्हणतात. मी थांबवते.

नावाचंही तसंच. करार फक्त नवऱ्याच्या नावाने असतो आणि गॅस बायकोच्या नावाने घ्यायचा असतो, किंवा तीन मित्र राहतात आणि नाव एकाचंच. ज्याला पुरावा लागणार आहे त्याचं नाव भाडेकरू म्हणून करारात हवं आणि त्याचा अंगठाही. "सोबत राहणारे" म्हणून मजकुरात घुसवलेल्या नावाच्या भरवशावर राहू नका.

पोलीस पडताळणीची पावती वेगळी, ती पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे करू नका. आधीच्या भाडेकरूचं गॅस कनेक्शन त्याच पत्त्यावर असेल तर ते हलवलंय का, हे मालकाला विचारून घ्या. एका घरात एकच घरगुती जोडणी मिळते.

आणि मुदत बघा. परवाच एक बाई करार संपायला नऊ दिवस उरलेले असताना आधारचा अर्ज भरायला निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. तपासणी होईपर्यंत मुदत संपली असती. त्यांचं नूतनीकरण आधी केलं, नवा दस्त क्रमांक आला आणि त्याच संध्याकाळी अर्ज भरला.