या चुका टाळा: शेवटचा ‘नाही’ खाऊन टाकणारे मराठी एसएमएस

पाणीपुरवठ्याच्या कामात व्हॉल्व्हमनला, पंप ऑपरेटरला अजूनही साध्या एसएमएसनेच कळवावं लागतं, कारण टाकीपाशी नेटची खात्री नसते. आणि तिथं तीच ती चूक परत परत बघून आता खरंच वैताग आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंग्रजीत ‘टेस्ट’ लिहून एक मेसेज पाठवायचा, तो पोचला की सिस्टीम ओके म्हणायचं आणि मग मराठीत सूचना सोडायच्या. इंग्रजी एसएमएस एका तुकड्यात १६० अक्षरांचा जातो, पण देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, स्पेस सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘व्हॉल्व्ह’ हा आपल्याला दोन अक्षरी वाटणारा शब्द एकटाच ९ खातो.

एका योजनेवर झालेलं सांगतो. ऑफिसातून हा मेसेज गेला:

उद्या सकाळी सहाला पाइपलाइनचं काम आहे, मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही

मोजून बघा, ‘उघडायचा’ ६९ वर संपतो, स्पेस धरून बरोबर ७०, आणि ‘नाही’ पूर्ण बाहेर. पाठवणारं सॉफ्टवेअर जुनं, डोंगलवर चालणारं, त्यात लांब मेसेजचे तुकडे करायची सोयच नव्हती, ७० च्या पुढचं ते गुपचूप कापायचं. व्हॉल्व्हमनला वाक्य अगदी पूर्ण दिसलं, त्याला वाटलं लाइन धुवायची असेल, त्याने सहाला व्हॉल्व्ह उघडला. खाली खड्ड्यात दोघं पीव्हीसीचा जोड सॉल्व्हंट लावून बसवत होते, जोड सुटला, खड्डा भरला, ते दोघं वेळेत वर आले म्हणून बरं. नंतर सगळे व्हॉल्व्हमनवर धावून गेले, तो फोन पुढे करून म्हणाला, “साहेब, बघा ना, उघडायचा असंच आलंय.” त्याची काहीही चूक नव्हती. ऑफिसातले मात्र ‘डिलिव्हर्ड’चा रिपोर्ट दाखवत बसले. अरे, तो रिपोर्ट एवढंच सांगतो की जे निघालं ते पोचलं, तुम्ही टाइप केलेलं सगळं निघालं होतं का हे त्याला कुठून कळणार?

असा तुटका मेसेज सापडला की आधी तो कुठं तुटला ते मोजा. शेवट ७० वर असेल तर पाठवणाऱ्या बाजूने कापलाय. ६७ वर असेल तर बहुतेक तुकडे नीट पडलेत पण दुसरा तुकडा आलेला नाही, कारण लांब मेसेजच्या प्रत्येक तुकड्यात तीन अक्षरांची जागा जोडणीच्या माहितीला जाते. वरचाच मेसेज तसा तुटला असता तर ‘उघडाय’वर थांबला असता आणि व्हॉल्व्हमनला निदान शंका आली असती. मोजायला एक्सेलच्या ए१ खान्यात मेसेज टाका आणि शेजारी हे लिहा:

```
=LEN(A1)
```

लांब मेसेजची सोय असलेली सर्व्हिस घ्याच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. माझी सवय अशी की मनाई असली तरी करायचं काय तेच लिहायचं, आणि तेही सुरुवातीला: ‘मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उद्या सकाळी सहाला पाइपलाइनचं काम आहे.’ हा कुठंही तुटला तरी व्हॉल्व्ह उघडायला कोणी जाणार नाही. ‘नळाचं पाणी प्यायचं नाही’च्या जागी ‘नळाचं पाणी फक्त धुण्याभांड्याला वापरा’ लिहा, अर्धवट आलं तरी ते कोणाला प्या म्हणत नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो आणि कापली जाते ती शेपटीच, त्यामुळे हे आपल्याला जास्त सांभाळावं लागतं.

नव्या पोरांचा शॉर्टकट म्हणजे मात्रा गाळून नाहीतर ‘व्हॉल्व्ह’चं ‘वाल’ करून मेसेज ७० मध्ये कोंबायचा. कशाला? सकाळी, उद्या, मोठ्या असलं सगळं ठेवायचं आणि शब्द मोडायचे, त्यापेक्षा दोन मेसेज करा, पहिल्यात फक्त काम, दुसऱ्यात कारण.

इमोजी टाकू नका, एकेक इमोजी बहुतेक दोन अक्षरांची जागा खातो.

वॉकीटॉकीवर बोलणं संपायच्या आत बटण सोडू नका, तिथंही शेवटचा ‘नाही’च जातो.

आणि जिथं माणूस खड्ड्यात उतरणार आहे तिथं मेसेजनंतर फोन कराच. “मेसेज मिळाला का?” असं विचारू नका, “हो” एवढंच उत्तर येतं. “उद्या व्हॉल्व्हचं काय करणार?” विचारा आणि तो “बंद ठेवणार” म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.