जन्मसाल अंदाजे असेल तर वय कसं काढायचं?

नुसती वजाबाकी करू नका. साल पक्कं असलं तरी वाढदिवस माहीत नसेल तर उत्तर दोन असतात: वजाबाकीचा आकडा, किंवा त्याहून एक कमी. साल अंदाजे असेल तर आधी जन्माची दोन टोकं शोधा. त्यासाठी ‘या तारखेला वय इतकं’ असं सांगणारा जुना कागद सगळ्यात कामाचा.

कोलंबसचं बघा. 31 ऑक्टोबर 1470 च्या एका दस्तात त्याने एकोणीस ओलांडल्याची नोंद आहे. म्हणजे जन्म 31 ऑक्टोबर 1451 च्या नंतरचा नाही. 25 ऑगस्ट 1479 च्या साक्षीत तो स्वतःचं वय सुमारे 27 सांगतो. सत्तावीस पूर्ण, अठ्ठावीस नाही असं धरलं, तर जन्म 26 ऑगस्ट 1451 च्या आधीचा नाही. जन्माची खिडकी साधारण दोन महिन्यांची उरली.

आता 12 ऑक्टोबर 1492, जमीन दिसली तो दिवस. साल सोडलं तर ही तारीख नेमकी खिडकीच्या आत पडते! जन्म 12 ऑक्टोबरपर्यंतचा असेल तर वय 41, नंतरचा असेल तर 40. तेव्हा ‘40 किंवा 41’ असंच लिहायचं.

कच्चा दुवा एकच, तो ‘सुमारे’. साक्षीत वय ढोबळ सांगितलं असेल तर आधीचं टोक मागे सरकतं आणि 42 सुद्धा शक्य होतं. वय 30, 40, 50 असं गोल दिलेलं असेल तर मी दोन्हीकडे दोन-तीन वर्षं जास्तच धरतो.