डंबेल चार्ट काढताय? आधी या चुका टाळा

आमची शाळा कर्नाटकातल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यातली, मराठी माध्यमाची. गेल्या वर्षी डिसेंबरपासून आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर कन्नडचा जादा तास घेतला. सुरुवातीला 25 गुणांची एक चाचणी घेतली आणि मार्चअखेरीस तशीच दुसरी. मुलांचे गट राहण्याच्या जागेवरून पाडले होते: गावठाण, मळा, वाडी, आणि चौथा गट घरी कन्नड बोलणाऱ्यांचा.

आधी जोडस्तंभालेख काढला. प्रत्येक गटाला दोन उभे स्तंभ, एक आधीचा आणि एक नंतरचा. मग एका तरुण सहकाऱ्याने तेच आकडे डंबेल चार्टमध्ये मांडले. प्रत्येक गटासाठी दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ, तालमीतला डंबेल असतो तसं. चित्र देखणं होतं, पण त्यात चार चुका होत्या. त्यातली एक आम्हाला मे महिन्यात कळली. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बदलून गोल केले आहेत, चुका मात्र जशाच्या तशा आहेत.

पहिल्या चार्टवर गावठाण 14 वरून 17, मळा 10 वरून 13, वाडी 9 वरून 14 आणि घरी कन्नड असलेला गट 21 वरून 20 असे सरासरी गुण होते.

रेघेच्या दोन टोकांना वेगवेगळी मुलं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. जोडस्तंभालेखात दोन स्तंभ शेजारी उभे असतात, एवढंच. डंबेलमधली रेघ मात्र ठासून सांगते की इथली मुलं तिथे पोचली. म्हणून दोन्ही टोकांना तीच मुलं असायला हवीत.

मळा गटात पहिल्या चाचणीला 12 मुलं होती. त्यातली तीन ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, मळ्यातच खोपीत राहणारी. कन्नड अक्षरं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. त्यांची सरासरी 4, बाकी नऊ जणांची 12. सगळ्यांची मिळून 120 भागिले 12, म्हणजे 10. मार्चमध्ये हंगाम संपला, टोळी परत गेली. दुसऱ्या चाचणीला उरले नऊ, त्यांची सरासरी 13.

चार्टने दाखवलं की मळ्यातली मुलं तीन गुणांनी वर गेली. खरं तर तीच नऊ मुलं 12 वरून 13 वर आली होती. एक गुण! उरलेले दोन गुण टोळी गेल्यामुळे आले, शिकवण्यामुळे नव्हे.

ही चूक चार्टकडे कितीही वेळ बघितलं तरी सापडत नाही. ती सापडते पटसंख्येत. प्रत्येक गटाची आधीची संख्या आणि नंतरची संख्या शेजारी लिहा. 12 आणि 9 असा फरक दिसला की तिथेच थांबा. सरासरी काढताना ज्यांचे दोन्ही चाचण्यांचे गुण आहेत तेवढीच मुलं घ्या. शीटमध्ये B रकान्यात गट, C मध्ये आधीचे गुण आणि D मध्ये नंतरचे गुण असतील तर:

```
=AVERAGEIFS(C2:C61,B2:B61,"मळा",D2:D61,">=0")
=AVERAGEIFS(D2:D61,B2:B61,"मळा",C2:C61,">=0")
```

पहिलं सूत्र आधीची सरासरी देतं, पण नंतर ज्याचे गुण आहेत त्याचीच. दुसरं त्याच्या उलट. गळालेल्या मुलांना मात्र कागदावरून पुसू नका. चार्टखाली एक ओळ हवी: "तीन मुले स्थलांतरित, सरासरीत नाहीत."

गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

वाडी गटात दहा मुलं. पहिल्या चाचणीच्या दिवशी एक मुलगा तापाने घरी होता आणि कुणीतरी त्याच्यापुढे 0 टाकलं. हजर नऊ जणांची सरासरी 10 होती. शून्य धरून ती 9 झाली आणि डंबेल एका गुणाने लांबला. `AVERAGE` रिकामा चौकोन सोडून देतं, "गै" असं लिहिलं तरी सोडून देतं, पण 0 मोजतं. वरच्या सूत्रांनाही 0 हा गुणच वाटतो. त्यामुळे गैरहजराचा चौकोन रिकामा ठेवा नाहीतर "गै" लिहा. ओळखायचं असेल तर गुणांचा रकाना चढत्या क्रमाने लावा आणि वर आलेली शून्यं हजेरीपटाशी ताडून बघा. आमच्या मुलाला दुसऱ्या चाचणीत 14 होते. दोन्ही गुण असलेली नऊच मुलं धरली तर वाडीचा खरा प्रवास 10 वरून 14.

कुठलं टोक आधीचं?

घरी कन्नड असलेल्या गटाची सरासरी एका गुणाने घटली होती. सहकाऱ्याने दोन्ही ठिपके एकाच निळ्या रंगात ठेवले होते, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाकी सगळे वर गेले म्हणजे हेही गेले असणार, असंच सगळ्यांनी धरलं. जोडस्तंभालेखात हा गोंधळ होत नाही. डावा स्तंभ आधीचा, उजवा नंतरचा, आणि उजवा बुटका दिसला की घट झाली. डंबेलमध्ये जागेचा क्रम आधी-नंतर सांगत नाही, फक्त कमी-जास्त सांगतो.

मग लाल आणि हिरवा करून पाहिला. पडद्यावर छान दिसला. झेरॉक्स काढल्यावर दोन्ही ठिपके सारखेच करडे झाले.

शेवटी जमलं ते असं: आधीचा ठिपका म्हणजे मोठं कडं, साधारण 12 आकाराचं, पोट पांढरं. नंतरचा म्हणजे लहान भरीव ठिपका, आकार 7. यात आणखी एक फायदा मिळाला. एखाद्या गटात काहीच बदल झाला नाही तर दोन्ही ठिपके एकमेकांवर बसतात आणि साध्या डंबेलमध्ये एकच ठिपका दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, एक चाचणी राहूनच गेली. कड्यात बसलेला ठिपका दोन्ही चाचण्या दाखवतो. त्यासाठी शीटमध्ये नंतरचा रकाना दुसरा ठेवा, नाहीतर कडं वर येऊन ठिपका झाकला जाईल.

(घटीबद्दल जाता जाता: 25 पैकी 21 असलेल्याला वर चढायला चारच गुण उरतात, खाली घसरायला भरपूर जागा असते. आठ-दहा मुलांच्या गटात एका गुणाच्या घटीवरून कुणाला जाब विचारू नये.)

तिसरा रकाना घातला आणि रेघा ताणल्या

एक्सेलमध्ये डंबेल नावाचा तयार चार्ट मिळत नाही. सोपी वाट अशी: गट, आधी, नंतर हे तीन रकाने निवडून `Line with Markers` घ्या. मग `Add Chart Element` मधून `Lines` आणि तिथे `High-Low Lines`. त्यानंतर दोन्ही मालिकांची स्वतःची रेघ `No line` करा. उभे डंबेल तयार. गुण वाढले काय, घटले काय, रेघ बरोबर जोडली जाते.

पण या रेघेला आधी-नंतर काही कळत नाही. त्या गटातल्या सगळ्या मालिकांतला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा ती जोडते. क्लस्टरमधल्या शाळांचं काम बघणाऱ्या आमच्या सीआरपी सरांनी सहज सुचवलं, "शाळेची सरासरीपण घाला की त्यात." घातली. शाळेची सरासरी 16 होती. वाडीची रेघ 14 वर थांबायची ती 16 पर्यंत गेली आणि वाडीने मोठी मजल मारली असं दिसू लागलं. तुमच्या चार्टवर रेघ ठिपक्याच्या पुढे गेलेली दिसली, किंवा एका रेघेवर तीन ठिपके दिसले, तर समजा की एक रकाना जास्तीचा निवडला गेलाय. शाळेची सरासरी हवीच असेल तर ती शीर्षकात लिहा.

अक्ष कुठून सुरू करायचा?

इथे दोन्ही चार्टचे नियम वेगळे आहेत आणि लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. ठिपक्याची जागा वाचायची असते, त्यामुळे डंबेलचा अक्ष 8 पासून सुरू केला तरी चालतो, उलट फरक स्पष्ट दिसतात. स्तंभाची उंची वाचायची असते. तोच अक्ष जोडस्तंभालेखाला लावला तर वाडीच्या पहिल्या चार्टमधला 9 चा स्तंभ एक घर उंच आणि 14 चा सहा घरं उंच होतो. बघणारा म्हणणार, सहापट! खरी वाढ दीडपटीच्या थोडी वर. स्तंभ असतील तर शून्यापासूनच.

रेघ म्हणजे पल्ला नव्हे

एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या बैठकीत एका पालकांनी विचारलं, "म्हंजे मळ्यातल्या पोरांना दहापासून तेरापर्यंत मार्क पडलेत व्हय?" त्यांनी रेघेकडे सर्वात कमी ते सर्वात जास्त गुण म्हणून पाहिलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आमच्या चार्टवर कुठे काही लिहिलेलंच नव्हतं. आता आम्ही पहिल्या डंबेलच्या दोन टोकांवर "डिसेंबर" आणि "मार्च" असं थेट लिहितो, आणि गटाच्या नावापुढे मुलांची संख्या. बाजूच्या रंगसूचीकडे बैठकीत कुणी बघत नाही.

पालकांसमोर दोन-तीनच गट दाखवायचे असतील तर मी अजूनही जोडस्तंभालेखच काढतो. तो समजावून सांगावा लागत नाही. क्लस्टरमधल्या सगळ्या शाळा एका पानावर बसवायच्या असतील तर मात्र स्तंभांची नुसती गर्दी होते, तिथे डंबेल बरा. मग गट वाढीच्या उतरत्या क्रमाने लावतो.

दुरुस्त केलेला आमचा चार्ट असा निघाला: वाडी 10 ते 14, गावठाण 14 ते 17, मळा 12 ते 13, घरी कन्नड 21 ते 20. पहिल्या चार्टवर मळा आणि गावठाण बरोबरीचे होते. आता मळ्याचं कडं आणि ठिपका जवळजवळ चिकटलेले दिसले. मग जादा तासाची हजेरी काढली. मळ्याची वाट लांबची, अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणून ती पोरं निम्म्या तासातून उठून जायची. यंदा त्यांचा तास सकाळी प्रार्थनेच्या आधी ठेवलाय.