चित्र मध्येच उजळतं, मध्येच काळवंडतं: टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये या चुका टाळा

रात्रीचा प्रसंग आहे. खोलीत एकच दिवा, पात्र भिंतीला टेकून हळू आवाजात बोलतंय. खाली पांढरं सबटायटल येतं आणि मागची भिंत किंचित उजळते. सबटायटल जातं, भिंत पुन्हा काळवंडते. संवाद संपेपर्यंत हेच चालू. बऱ्याच जणांना वाटतं की पॅनेल गेलं किंवा नेट कमी पडतंय. नेट कमी पडलं तर चित्र धूसर होतं, चौकोन दिसतात. सबटायटलच्या तालावर उजेड हलत असेल, तर टीव्हीच स्वतःहून चित्रात हात घालतोय.

आधी नेमका दोष ओळखा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काय चुकतंय ते न बघता मेनूमध्ये शिरून दिसेल ते बंद करत सुटणं. आधी एक अंधारा प्रसंग निवडा. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा मिळाला तर फारच छान. सबटायटल चालू ठेवून अर्धा मिनिट बघा, मग तेवढाच भाग मागे नेऊन सबटायटल बंद करून बघा. सबटायटलशिवाय भिंत स्थिर राहिली, तर टीव्हीतल्या स्वयंचलित करामतीच कारणीभूत आहेत. दोन्ही वेळा सारखंच हललं, तर ते दृश्यातच असू शकतं. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा उन्हातून सावलीत गेला की त्याचं एक्स्पोजर बदलतं. ते कुठल्याही सेटिंगने जाणार नाही.

मोबाइलवर व्हिडिओ काढून खात्री करू नका. मोबाइलचा कॅमेराही स्वतःचं एक्स्पोजर बदलत असतो, त्यामुळे टीव्ही हलला की कॅमेरा, हे कळायला मार्ग नाही.

आता नजर त्या काळ्या पट्ट्यांवर ठेवा. एलसीडी किंवा एलईडी टीव्हीत सबटायटल आल्यावर पट्ट्यासुद्धा राखाडी होत असतील, तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, वर-खाली होतोय. पट्ट्या तशाच राहून फक्त भिंत आणि चेहरा बदलत असेल, तर बॅकलाइट शांत आहे आणि सिग्नलशी छेडछाड चालली आहे.

सिग्नलची छेडछाड समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. नेहमीच्या व्हिडिओत काळा रंग 16 आणि पांढरा 235 या आकड्यावर असतो. समजा ती भिंत 30 वर आहे. फ्रेममध्ये अंधार जास्त दिसला की ब्लॅक एन्हान्सर ही टीव्हीतली काळा गडद करणारी सोय म्हणते, काळा अजून गडद हवा, आणि भिंतीला 22 पर्यंत खाली ढकलते. तेवढ्यात पांढरी अक्षरं येतात, फ्रेमचा सरासरी उजेड वाढतो, हिशेब बदलतो आणि भिंत 28 वर येते. दृश्य बघून उजेड-अंधारातला फरक बदलणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्टही याच पद्धतीने, पण पूर्ण चित्राच्या उजेड-अंधाराचा वक्र ओढून काम करतो. पट्टी मात्र मुळातच 16 वर असते. तिला याहून खाली ढकलायला जागा नाही, म्हणून ती हलत नाही.

एकच बटण बंद करून थांबू नका

सिग्नलशी खेळणारी ही सोय कंपनीगणिक वेगळ्या नावाने येते. सॅमसंगवर Expert Settings मध्ये Contrast Enhancer, सोनीवर Adv. contrast enhancer आणि त्याच्याजवळ Black adjust, एलजीच्या नव्या मॉडेलांवर Auto Dynamic Contrast, तर बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर सरळ Dynamic contrast. काही ठिकाणी Black stretch असं नाव दिसेल. Low वर ठेवून समाधान मानू नका, Off करा. Low वरही हलणं थांबत नाही, फक्त कमी जाणवतं.

बॅकलाइट हलवणाऱ्या सेटिंग्ज मात्र अनेकदा चित्राच्या मेनूत नसतात, आणि लोक इथेच हरतात. सॅमसंगवर Power and Energy Saving मध्ये Brightness Optimization बघा, एलजीवर Energy Saving आणि एआयच्या पानावरचं ब्राइटनेस, सोनीवर Light sensor. सेन्सरचा संशय असेल तर हॉलमधला दिवा लावून-बंद करून बघा. काही सेकंदांनी चित्र त्यामागोमाग बदललं, तर गुन्हेगार सापडला. चित्राच्या मोडमधला फिल्ममेकर मोड निवडला तर डायनॅमिक कॉन्ट्रास्टसारखी पुष्कळशी प्रक्रिया एका फटक्यात बंद होते आणि सुरुवातीला तोच निवडावा. पण वीजबचत आणि सेन्सरच्या सोयी वेगळ्या पानावर असल्यामुळे तो मोड असूनही त्या चालू राहू शकतात.

आणि हे सगळं एकदा केलं म्हणजे सगळीकडे झालं, असं समजू नका. बहुतेक टीव्ही साध्या चित्रासाठी, एचडीआरसाठी आणि डॉल्बी व्हिजनसाठी सेटिंग्ज वेगळ्या जपतात. कित्येकदा प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठीही वेगळ्या. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलेलं बटण ओटीटीवरच्या एचडीआर सिनेमात चालूच सापडतं. त्या प्रकारचं काहीतरी सुरू करून, ते चालू असतानाच मेनू उघडा. एचडीआरमध्ये एलजीचं Dynamic Tone Mapping प्रत्येक फ्रेम बघून निर्णय घेतं, तेही तिथेच बंद करता येतं.

बंद केल्यावर चित्र मलूल वाटलं तर

पहिल्या संध्याकाळी चित्र फिकं वाटतं, कारण डोळ्यांना भडक चित्राची सवय झालेली असते. इथे घाईने एन्हान्सर परत लावणं ही चूक घरोघरी होते. बॅकलाइट हवा तेवढा वाढवा आणि अंधारे भाग गिळल्यासारखे वाटत असतील तर गॅमा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारी सेटिंग, 2.4 वरून 2.2 वर आणा. गॅमा सगळ्या दृश्यांना सारखाच लागू होतो, त्यामुळे उजेड हलत नाही.

तरीही काळा राखाडी दिसत असेल, किंवा गडद कपड्यांच्या चुण्या अजिबात दिसत नसतील, तर एचडीएमआयची पातळी तपासा. बॉक्स 16 ते 235 पाठवतोय आणि टीव्ही 0 ते 255 समजतोय, असं झालं की काळा धुरकट होतो. उलटं झालं की सावल्या गडप होतात. ब्लॅक एन्हान्सर वर ठेवण्यामागे पुष्कळदा हाच न सापडलेला घोळ असतो. दोन्हीकडे Limited किंवा Auto ठेवा.

पडद्यामागचे दिवे कप्प्याकप्प्याने मंद करणारं लोकल डिमिंग मात्र रागाच्या भरात बंद करू नका. पॅनेलच्या मागे पूर्णभर दिव्यांचे कप्पे असलेल्या टीव्हीत काळ्याचा काळेपणा त्याच्यामुळेच येतो आणि एचडीआरमध्ये ते गेलं तर चित्र सपाट होतं. सबटायटलभोवती अंधुक वलय दिसत असेल तर एक पायरी कमी करा. फक्त कडेला दिवे असलेल्या, मोजकेच कप्पे असलेल्या टीव्हीत पूर्ण पट्टाच उजळत-विझत असेल, तर साध्या चित्रासाठी ते बंद ठेवणं योग्य आहे.

ओएलईडीवर काही गोष्टी मेनूतून जाणारच नाहीत. बर्फाळ मैदानासारखं पूर्ण पांढरं दृश्य आलं की वीज आणि उष्णता आवरायला पॅनेल स्वतः मंद होतं. चित्र बराच वेळ फारसं हललं नाही, तरी ते हळूहळू काळवंडतं आणि दृश्य बदललं की पुन्हा पूर्ववत होतं. ही पॅनेलच्या बचावाची सोय आहे. सर्व्हिस मेनूत शिरून ती बंद करायला सांगणारे व्हिडिओ सापडतात; त्यांच्या नादी लागू नका, त्यात कायमचे डाग पडण्याचा धोका वाढतो. अशा टीव्हीवर उजेड थोडा कमी ठेवला तर पांढऱ्या दृश्यातलं मंद होणं बरंच कमी जाणवतं.