"हे काय आहे?" एवढंच लिहून फोटो आला तर उत्तर देताना या चुका टाळा

फुलावर बसलेला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा किडा, फोटो थोडा हललेला, खाली फक्त "हे काय आहे?". लगेच कोणीतरी लिहितं गांधीलमाशी, दुसरा म्हणतो मधमाशी, आणि तिसरा थेट शास्त्रीय नाव टाकून मोकळा होतो. कशावरून ओळखलं ते मात्र कोणीच सांगत नाही, आणि पहिली चूक तीच.

अशा फोटोत रंग बघून ठरवू नका, कारण हॉवरफ्लाय नावाच्या साध्या माश्या गांधीलमाशीसारखेच पट्टे घेऊन फिरतात, त्यामुळे पक्षी त्यांना सहसा खायला जात नाहीत. पंख मोजायचा सल्ला सगळे देतात, माशीला 2 आणि गांधीलमाशीला 4, बरोबरच आहे ते, पण गांधीलमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात त्यामुळे फोटोत तेही बऱ्याचदा 2च दिसतात. त्यापेक्षा डोकं झूम करून बघा. डोळे जवळपास सगळं डोकं व्यापतायत आणि मिशा इतक्या आखूड की शोधाव्या लागतायत, तर बहुतेक माशी. मिशा लांब, डोळे बाजूला आणि छाती-पोटाच्या मध्ये बारीक कंबर असेल तर गांधीलमाशीच्या बाजूने जा. काही हॉवरफ्लायना मिशाही लांब असतात, म्हणून एकाच खुणेवर शिक्कामोर्तब करू नका.

आता समजा डोळे-मिशा स्पष्ट दिसल्या. मग उत्तर असं द्या: "ही माशी आहे याची जवळपास खात्री, मोठे डोळे आणि आखूड मिशा दिसतायत. हॉवरफ्लाय असावी, पट्टे आणि एकूण ठेवण तशी आहे. नेमकी जात सांगता येत नाही कारण पोट वरून दिसत नाहीये." या तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या खात्र्या आहेत आणि प्रत्येकीचं कारण सोबत आहे. नुसतं "90 टक्के खात्री" लिहिलं तर समोरच्याला कळतच नाही की 90 टक्के माशी असण्याची की त्या जातीची.

वरून काढलेला फोटो मिळाला तर पुढे जाता येतं. एपिसिर्फस बॅल्टिएटस नावाच्या हॉवरफ्लायच्या पोटावर रुंद काळ्या पट्ट्यासोबत एक बारीक काळी रेघ असते, माणसाच्या मिशीसारखी, आणि ही जोडी दोन भागांवर दिसते. युरोपातला फोटो असेल तर ही खूण बघून जात बऱ्यापैकी ठामपणे सांगता येते, पण आशियात तिचे जवळचे भाऊबंद आहेत, तिथे "एपिसिर्फस, बहुधा बॅल्टिएटस" इथेच थांबा. म्हणून फोटो कुठला आणि कोणत्या महिन्यातला हे विचारल्याशिवाय जातीचं नाव देऊ नका. सोबत अंदाजे लांबी आणि वरून, बाजूने, समोरून असे तीन फोटो मागा, "अजून फोटो पाठवा" एवढंच म्हटलं तर तसलेच पाच अजून येतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्रश्नामागचा प्रश्न न विचारणं. बऱ्याच जणांना नाव नकोच असतं, हा डंख मारेल का एवढंच हवं असतं. आणि गंमत अशी की त्यासाठी जात लागतच नाही, माशी एवढं पक्कं झालं तरी पुरतं, कारण डंख मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या यांच्या गटाकडे असतो, माश्यांकडे नाही. पण मिशा-डोळे धूसर असतील तर सरळ लिहा की सांगता येत नाही, हात लावू नका.

झाडांच्या बाबतीत हिशोब उलटा होतो, तिथे कुळ पक्कं कळूनही उपयोग नसतो. पांढऱ्या फुलांच्या छत्र्यांचा वरून काढलेला फोटो आला तर "गाजराचं कुळ" हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येईल, पण त्याच कुळात कोथिंबीर आहे आणि जीव घेणारं हेमलॉकही. हेमलॉकचं खोड गुळगुळीत, त्यावर जांभळट डाग. रानगाजराचं खोड केसाळ. फोटोत खोडच नाही, मग काय सांगणार? आणि खोड दिसलं, केसाळ निघालं, तरी फोटो बघून "खाऊ शकता" असं कधीच लिहू नका, डाग फिके असू शकतात, शेजारी दुसरं रोप उगवलेलं असू शकतं. कोणी आधीच खाल्लं असेल तर ओळख पटवत बसू नका, त्यांना झाडाचा तुकडा सोबत घेऊन ताबडतोब हॉस्पिटलला जायला सांगा, नावावर चर्चा नंतर करता येईल.

आणि नंतर चांगला फोटो येऊन तुमचं उत्तर चुकीचं ठरलं तर जुनं उत्तर गुपचूप डिलीट करू नका, त्याखालीच लिहा की आधी हे म्हटलं होतं, आता कंबर दिसली म्हणून मत बदललं.